शिडीची लांबी आणि पायथ्याचे अंतर

भिंतीला टेकवून उभ्या करावयाच्या शिडीची लांबी आणि तिच्या पायथ्याचे भिंतीपासूनचे अंतर या दोन राशी, गाठावयाची उंची आणि शिडीचा जमिनीशी होणारा कोन यांवरून ठरतात. टेकवलेल्या शिडीसाठी सुमारे ७५ अंशांचा कोन सुरक्षित मानला जातो. व्यवहारात हा कोन 'चारास एक' या नियमाने साधतात. शिडी जेथे टेकते त्या बिंदूची उंची चार एकक असेल, तर पायथा त्या बिंदूच्या खालच्या उभ्या रेषेपासून एक एकक दूर ठेवावा, असा हा नियम आहे. ब्रिटनमधील आरोग्य व सुरक्षा कार्यकारिणीच्या मार्गदर्शिकेत आणि अमेरिकेच्या बांधकाम सुरक्षा नियमांत तो थोड्याफार फरकाने आढळतो. भारतात शिड्यांच्या सुरक्षित वापरासाठी भारतीय मानक ३६९६, भाग २ ही संहिता आहे.

पाठ्यपुस्तकातील शिडी आणि भिंतीवरील शिडी

पायथागोरसच्या प्रमेयावरील उदाहरणांत शिडी हमखास भेटते. भिंत, जमीन आणि शिडी मिळून काटकोन त्रिकोण होतो. भिंत व जमीन या त्याच्या काटकोन करणाऱ्या बाजू आणि शिडी हा कर्ण. यांपैकी दोन लांबी दिलेल्या असतात आणि तिसरी काढावयाची असते. उत्तर पूर्णांकात यावे म्हणून उदाहरण रचणारा ३-४-५, ५-१२-१३ किंवा ८-१५-१७ अशी पायथागोरसची त्रिकुटे निवडतो.

गणित म्हणून ही उदाहरणे निर्दोष असली, तरी त्यांतील बहुतेक शिड्या चढण्याजोग्या नसतात. ५ मीटर लांबीची शिडी भिंतीवर ४ मीटर उंचीवर टेकली असेल, तर तिचा पायथा ३ मीटर दूर असतो आणि कोन अवघा ५३ अंशांचा होतो. ८-१५-१७ या त्रिकुटात कोन सुमारे ६२ अंश, तर ५-१२-१३ मध्ये सुमारे ६७ अंश येतो. नेहमीच्या त्रिकुटांपैकी ७-२४-२५ हेच सुरक्षित कोनाच्या जवळ जाते. त्यातील कोन सुमारे ७४ अंशांचा आहे.

हे उदाहरण फार जुने आहे. ब्रिटिश संग्रहालयातील ८५१९६ क्रमांकाच्या बॅबिलोनियन मृत्तिकापट्टिकेत ३० एकक लांबीचा एक दांडा भिंतीलगत उभा आहे. त्याचे वरचे टोक ६ एकके खाली आले, तर खालचे टोक भिंतीपासून किती सरकले, असा प्रश्न तेथे केला आहे. उत्तर १८ आहे, म्हणजे ३-४-५ हेच त्रिकुट सहापट करून वापरले आहे. या गणितातील दांडा घसरणाराच आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

प्रत्यक्ष काम करणाऱ्यासमोर मात्र प्रश्न वेगळा असतो. त्याला त्रिकोणाच्या दोन बाजू दिलेल्या नसतात, केवळ उंची दिलेली असते. उरलेल्या दोन्ही बाजू ठरवण्यासाठी आणखी एक अट लागते. ती अट म्हणजे कोन, आणि तो कोन भूमितीतून नव्हे तर घर्षण व तोल यांच्या विचारातून येतो.

शिडी का घसरते

शिडीचे वरचे टोक भिंतीला दाबते आणि भिंत त्याला तितक्याच बलाने बाहेर ढकलते. हे आडवे बल तोलून धरण्याचे काम पायथ्याशी जमीन आणि शिडी यांच्यामधील घर्षण करते. घर्षण अपुरे पडले की पायथा मागे सरकतो आणि शिडी खाली येते.

हे घर्षण किती लागेल, ते पायथ्याभोवती परिबले घेऊन काढता येते. भिंतीच्या बाजूचे घर्षण थोडे असल्याने ते सोडून देऊ. शिडीचे टोकच भिंतीला टेकले आहे, चढणाऱ्याचे वजन ७० किलोग्रॅम व शिडीचे १५ किलोग्रॅम आहे, असे धरू. शिडीचे वजन तिच्या मध्यावर एकवटले आहे असे मानता येते. मग,

आवश्यक घर्षण = (७० × चढलेला अंश + १५ × ½) × (पायथ्याचे अंतर ÷ उंची)

येथे 'चढलेला अंश' म्हणजे शिडीच्या लांबीचा जो भाग चढून झाला आहे तो. चारास एक या प्रमाणात शेवटचा गुणक ०.२५ असतो. माणूस एक तृतीयांश चढला असता सुमारे ७.७ किलोग्रॅम भाराइतके घर्षण पुरते. तो टोकापाशी पोहोचला की १९.४ किलोग्रॅम भाराइतके लागते.

या आकडेमोडीतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, माणूस जसजसा वर जातो तसतशी घर्षणाची गरज वाढते. जमिनीवरील एकूण भार मात्र ८५ किलोग्रॅम एवढाच राहतो, म्हणून मिळू शकणाऱ्या घर्षणाची मर्यादा वाढत नाही. पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवर उड्या मारून 'शिडी घट्ट आहे' असे ठरवणे यामुळेच फसवे ठरते. खाली घट्ट वाटलेली शिडी माणूस टोकाजवळ गेल्यावर, म्हणजे तो सर्वांत उंचावर असताना, घसरू शकते.

दुसरी गोष्ट कोनाविषयीची आहे. तोच माणूस टोकाशी असताना ६० अंशांच्या कोनात ४४.७ आणि ५३ अंशांच्या कोनात सुमारे ५८ किलोग्रॅम भाराइतके घर्षण लागते. एकूण भाराशी हे प्रमाण अनुक्रमे ०.५३ आणि ०.६८ होते, तर चारास एक या मांडणीत ते केवळ ०.२३ असते. रबरी पाय असलेली शिडी कोरड्या, खडबडीत काँक्रीटवर ०.५३ चीही मागणी कदाचित पुरी करील. ओली फरशी, शेवाळ, सुटी वाळू किंवा सारवलेली जमीन यांच्यावर तिचा भरवसा धरता येत नाही.

फार उभी शिडी का चालत नाही

घसरण्याचे भय घालवण्यासाठी शिडी जवळजवळ सरळ उभी करावी, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण मग दुसरा धोका उद्भवतो. चढणाऱ्याचे शरीर शिडीच्या बाहेरच्या बाजूस असते. त्याच्या शरीराचा गुरुत्वमध्य साधारणपणे कमरेपाशी असून तो शिडीपासून सुमारे २५ सेंटिमीटर बाहेर आहे असे धरू. हा मध्य पायथ्याच्या रेषेच्या आत, म्हणजे भिंतीच्या बाजूस, असेपर्यंत वजन शिडीला भिंतीकडे दाबते. तो पायथ्याच्या बाहेर गेला की तेच वजन शिडीला भिंतीपासून मागे ओढू लागते.

कमर जमिनीपासून २.४ मीटर उंचीवर असताना चारास एक या मांडणीत शिडीचा तेथील भाग पायथ्यापेक्षा ६० सेंटिमीटर आत असतो. २५ सेंटिमीटर वजा केले तरी ३५ सेंटिमीटरांची शिल्लक राहते. शिडी सोळास एक इतकी उभी केली, तर तेथे आतली बाजू अवघी १५ सेंटिमीटर भरते. गुरुत्वमध्य १० सेंटिमीटर बाहेर पडतो आणि माणूस शिडीसह पाठीवर पडण्याचा संभव निर्माण होतो. सुमारे ७५ अंश हा कोन असा दोन धोक्यांच्या मधला आहे. कोन कमी झाला तर पायथा निसटतो आणि वाढला तर शिडी उलटते.

लांबी काढण्याची रीत

चारास एक या प्रमाणात उंची ४ आणि पाया १ असल्याने कर्ण १७ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ४.१२३ येतो. त्याला ४ ने भागले असता १.०३१ हा गुणक मिळतो. म्हणून,

पायथ्याचे अंतर = टेकण्याच्या बिंदूची उंची ÷ ४
टेकण्याच्या बिंदूपर्यंतची लांबी = उंची × १.०३१

या मांडणीत कोन ७६ अंशांना किंचित कमी येतो. अमेरिकेच्या नियमांत अंतर उंचीच्या नव्हे, तर पायथ्यापासून टेकण्याच्या बिंदूपर्यंतच्या शिडीच्या लांबीच्या एक चतुर्थांश धरतात, त्यामुळे कोन सुमारे ७५.५ अंश होतो. हा फरक व्यवहारात नगण्य आहे.

शिडीवरून गच्चीवर किंवा छपरावर उतरावयाचे असेल, तर एवढी लांबी पुरत नाही. उतरताना व परत शिडीवर येताना हातांना आधार हवा, यासाठी शिडी उतरण्याच्या पातळीच्या वर सुमारे १ मीटर गेलेली असावी लागते. अमेरिकेत हे किमान प्रमाण ३ फूट आहे. त्यामुळे एकूण लांबी काढताना उंचीत १ मीटर मिळवून मग १.०३१ ने गुणावे. पायथ्याचे अंतर काढताना मात्र हा १ मीटर मिळवावयाचा नसतो.

| टेकण्याच्या बिंदूची उंची (मी.) | पायथ्याचे अंतर (मी.) | बिंदूपर्यंतची लांबी (मी.) | वर उतरण्यासाठी एकूण लांबी (मी.) |
|---|---|---|---|
| २ | ०.५० | २.०६ | ३.०९ |
| ३ | ०.७५ | ३.०९ | ४.१२ |
| ४ | १.०० | ४.१२ | ५.१५ |
| ५ | १.२५ | ५.१५ | ६.१८ |
| ६ | १.५० | ६.१८ | ७.२२ |

१.०३१ हा गुणक १ च्या किती जवळ आहे, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. सुरक्षित कोनातील शिडी तीच शिडी अगदी सरळ उभी केली असता जेवढी उंची गाठील, त्याहून केवळ ३ टक्के कमी उंची गाठते. १० फुटी, म्हणजे ३.०५ मीटरची शिडी सुरक्षित कोनात २.९६ मीटरपर्यंत पोहोचते. आखूड शिडी भिंतीशी सरकवून उंची वाढवण्याच्या खटपटीत फार तर ९ सेंटिमीटर पदरात पडतात आणि त्यांची किंमत तोल जाण्याच्या धोक्याने मोजावी लागते. शिडी पुरत नसेल, तर लांब शिडी आणणे हाच उपाय उरतो.

एक सोडवलेले उदाहरण

एका एकमजली घराच्या गच्चीवरील पाण्याची टाकी धुण्यासाठी शिडीने वर जावयाचे आहे. गच्चीच्या त्या बाजूस कठडा नाही. स्लॅबची कड जमिनीपासून ३.२ मीटर उंच असून ती भिंतीच्या पुढे ६० सेंटिमीटर आलेली आहे. शिडी या कडेवर टेकणार आहे.

पायथ्याचे अंतर ३.२ ÷ ४ = ०.८ मीटर. कडेपर्यंतची लांबी ३.२ × १.०३१ = ३.३० मीटर. गच्चीवर उतरावयाचे असल्याने एकूण लांबी ४.२ × १.०३१ = ४.३३ मीटर, म्हणजे सुमारे १४.२ फूट. फुटांच्या मापाने मिळणाऱ्या शिड्यांपैकी १५ फुटी, म्हणजे ४.५७ मीटरची शिडी येथे योग्य ठरते. १२ फुटी शिडी ३.६६ मीटर भरते. ती कडेपर्यंत पोहोचते, पण कडेच्या वर जेमतेम ३६ सेंटिमीटर उरते. गच्चीवर पाऊल टाकताना माणसाला धरण्यासाठी काहीच राहत नाही.

आता हे ०.८ मीटर कोठून मोजावयाचे, हा प्रश्न येतो. शिडी भिंतीला नव्हे तर स्लॅबच्या कडेला टेकली आहे, म्हणून अंतर कडेच्या खाली सोडलेल्या ओळंब्यापासून मोजले पाहिजे. कड भिंतीच्या ०.६ मीटर पुढे आहे, तेव्हा भिंतीपासून पायथ्यापर्यंत ०.६ + ०.८ = १.४ मीटर अंतर हवे. भिंतीपासूनच ०.८ मीटर मोजले, तर ओळंब्यापासून पायथा केवळ ०.२ मीटर दूर राहील. ३.२ मीटर उंचीला ०.२ मीटर म्हणजे सोळास एक हे प्रमाण झाले आणि कोन सुमारे ८६ अंशांचा झाला. वर वर्णन केलेली, मागे उलटणारी शिडी ती हीच. नियम पाळल्याच्या समजुतीत असलेला माणूस अशा रीतीने अपघाताच्या वाटेवर जातो.

दुसरी चूक याच्या उलट दिशेची आहे. पुष्कळदा शिडीच्या पूर्ण लांबीचा चौथा भाग घेऊन पायथा ठेवला जातो. ४.५७ मीटरचा चौथा भाग १.१४ मीटर येतो. पायथा ओळंब्यापासून इतका दूर नेला तर कोन सुमारे ७० अंशांवर येतो आणि घर्षणाची गरज दीडपटीच्या जवळ जाते. शिडीचा कडेवरचा भाग त्रिकोणात येत नाही, म्हणून तो हिशेबातही येता कामा नये.

उंची मोजतानाही एक दक्षता घ्यावी लागते. ती भिंतीच्या बुडापासून नव्हे, तर शिडीचे पाय प्रत्यक्ष टेकणार आहेत त्या जमिनीपासून मोजावी. अंगणाला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. भिंतीपासून १.४ मीटरवर जमीन १० सेंटिमीटर खाली असेल, तर उंची ३.३ मीटर आणि अंतर ०.८३ मीटर होईल. एकूण लांबीही ४.४३ मीटर होईल. १५ फुटी शिडीत ती अजून सामावते.

फीतपट्टीविना पडताळणी

कामाच्या जागी फीतपट्टी असेलच असे नाही. अशा वेळी पायऱ्या मोजून अंतर ठरवता येते. अनेक शिड्यांच्या पायऱ्यांत सुमारे एक फुटाचे अंतर असते. टेकण्याच्या बिंदूपर्यंत १२ पायऱ्या भरल्या, तर पायथा तीन पायऱ्यांमधील अंतराइतका, म्हणजे ३ फूट दूर हवा. बांबूच्या शिडीत पायऱ्या सारख्या अंतरावर असतीलच असे नाही, म्हणून ही रीत वापरण्यापूर्वी ते पाहून घ्यावे.

दुसरी पडताळणी शरीराच्या मापाने होते. शिडीच्या दोन्ही पायांना बोटे लावून ताठ उभे राहावे आणि हात खांद्याच्या रेषेत समोर धरावेत. तळवे समोरच्या पायरीला सहज टेकले, तर कोन बरोबर आहे. पायरी हाताच्या टप्प्यात येत नसेल, तर पायथा भिंतीपासून फार दूर आहे. हात कोपरात वाकवावे लागत असतील, तर शिडी फार उभी आहे.

मर्यादा

चारास एक हा नियम केवळ टेकवलेल्या शिडीसाठी आहे. दोन बाजूंच्या पायांवर स्वतंत्र उभी राहणारी घडीची शिडी त्यात येत नाही. घडीची शिडी मिटवून भिंतीला टेकवणे हा तिचा योग्य वापर नव्हे.

नियमाने कोन ठरतो, जमिनीचे घर्षण ठरत नाही. शेवाळलेल्या फरशीवर योग्य कोनातील शिडीही घसरू शकते. अशा ठिकाणी पायथा खुंटीला किंवा खांबाला बांधावा आणि शक्य असल्यास वरचे टोकही दोरीने जखडावे. टोक बांधल्याने शिडी बाजूला सरकण्याचा धोकाही कमी होतो. हा धोका कोनाच्या हिशेबात येत नाही. हात लांबवून बाजूचे काम करू पाहणाऱ्याची कमर शिडीच्या दोन उभ्या दांड्यांच्या बाहेर गेली की तो उद्भवतो. म्हणून काम हाताच्या टप्प्याबाहेर असेल, तर खाली उतरून शिडी हलवावी लागते.

कडेच्या वर आलेला शिडीचा भाग हातांनी धरण्यासाठी असतो, पायांसाठी नव्हे. टेकण्याच्या बिंदूच्या वरच्या पायरीवर माणूस उभा राहिला, तर वरील सूत्रातील चढलेला अंश १ पेक्षा जास्त होतो आणि घर्षणाची गरज तितकीच वाढते. गच्चीवर उतरताना पाय स्लॅबच्या पातळीवरील पायरीवरून थेट गच्चीवर ठेवावा, आणि परतताना त्याच पायरीवर आधी पाय रोवून मग भार शिडीवर घ्यावा.